आकड्यांचा पत्ता

अगं, तुझा मेल रात्री पावणेबाराला आला. ‘ताई, उद्या सबमिट करतेय, ॲबस्ट्रॅक्टवर फक्त एकदा नजर टाक ना.’ टाकली. आता तू उद्या सबमिट करणार नाहीस, परवा करशील. रागावू नकोस, आधी ऐकून घे.

पेपर चांगला आहे. गरोदर बायकांमधला रक्तक्षय आणि लोहाच्या गोळ्या हा विषय आमच्या वेळेपासून घासून घासून गुळगुळीत झालाय, तरी तू तो नीट हाताळलास. गोळ्यांचं रिकामं पाकीट बघून ‘नियमित’ ठरवलंस, नुसतं विचारून नाही, ते मला फार आवडलं. पण तुझ्या ॲबस्ट्रॅक्टमधले तीन आकडे तुझ्याच टेबलांशी भांडतायत. आणि गंमत म्हणजे तिन्ही आकडे खरे आहेत. कुठलाही तू हवेतून आणलेला नाहीस. म्हणूनच ते तुझ्या नजरेतून सुटले, आणि तुझ्या गाइड मॅडमच्याही.

पहिला घे. तू लिहिलंयस, ‘एकूण ३१२ गरोदर स्त्रियांपैकी ५९.९ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.’ मग मी तुझं टेबल २ उघडलं. तिथे ६१.५ टक्के. आता कुठला बरोबर? कॅल्क्युलेटर काढला. रक्तक्षय असलेल्या १८७ जणी. १८७ भागिले ३१२ केलं तर ५९.९ येतात. १८७ भागिले ३०४ केलं तर ६१.५. दोन्ही गणितं बिनचूक. अंश तोच, छेद बदललाय.

हे ३०४ कुठून आले ते शोधायला मला तुझ्या रिझल्ट्सच्या दुसऱ्या परिच्छेदापर्यंत जावं लागलं. आठ जणींचे नमुने गोठले, हिमोग्लोबिन मिळालंच नाही, म्हणून त्या विश्लेषणातून गेल्या. अगदी रास्त आहे. पण तू ॲबस्ट्रॅक्ट कधी लिहिलंस? मी सांगू? कॉन्फरन्सला पाठवायचं होतं तेव्हा. त्या वेळी तुझ्या मास्टर चार्टमध्ये त्या आठ ओळी अजून होत्या, हिमोग्लोबिनचा रकाना तेवढा रिकामा. नंतर मॅडमनी त्या काढायला लावल्या, टेबलं नव्याने निघाली, मजकूर बदलला आणि ॲबस्ट्रॅक्ट मात्र पोस्टरवरून जसंच्या तसं इथे येऊन बसलं. बहुतेक सगळ्यांचं असंच होतं. ॲबस्ट्रॅक्ट पेपरच्या तोंडावर असतं, पण वयाने ते घरातलं सगळ्यात थोरलं असतं आणि त्याला धाकट्यांच्या बातम्या उशिरा कळतात.

उपाय म्हणून ५९.९ खोडून ६१.५ लिहिशील, तर वाक्य होईल ‘३१२ स्त्रियांपैकी ६१.५ टक्के’. तेही चूकच. वाचणारा ३१२ चे ६१.५ टक्के काढेल, त्याला १९२ मिळतील, आणि तुझ्या टेबलात १८७ आहेत. छेदच सांगायला हवा. ‘३१२ स्त्रियांची नोंदणी झाली, हिमोग्लोबिन अहवाल उपलब्ध असलेल्या ३०४ पैकी १८७ जणींमध्ये (६१.५ टक्के) रक्तक्षय आढळला.’ आठ-दहा शब्द वाढतील. ‘रक्तक्षय ही एक गंभीर सार्वजनिक आरोग्य समस्या आहे’ हे पहिलं वाक्य काढ, जागा होईल. ते वाक्य कुणीही वाचत नाही.

दुसरा जरा जास्त लबाड आहे. ‘४.३ टक्के स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होता.’ टेबल ३ मध्ये खरंच ४.३ आहेत. जुळलं की! तू नक्कीच बोट ठेवून पाहिलं असणार आणि समाधानाने पुढे गेली असणार. पण टेबल ३ चं डोकं वाच. तिथे लिहिलंय, ‘रक्तक्षय असलेल्या स्त्रियांची तीव्रतेनुसार विभागणी, एकूण १८७’. सौम्य ७४, मध्यम १०५, तीव्र ८. म्हणजे ४.३ टक्के हे रक्तक्षय असलेल्यांपैकी आहेत. सगळ्या स्त्रियांपैकी तीव्र रक्तक्षय ८ भागिले ३०४, म्हणजे २.६ टक्के. तुझ्या वाक्याने तो दीडपटीहून जास्त झाला. उद्या एखाद्या जिल्ह्याचा आरोग्य अधिकारी रक्त चढवायची सोय किती जणींसाठी लागेल याचा अंदाज बांधायला बसला आणि त्याने तुझं फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचलं, तर तो त्या ४.३ ला सगळ्या गरोदर बायकांच्या संख्येने गुणेल. त्याची काही चूक नाही.

म्हणून नुसता आकडा आकड्याशी ताडायचा नाही. आकड्यासोबत तो ‘कशाचा’ आहे हे टेबलाच्या मथळ्यातून आणि रकान्याच्या डोक्यातून वाचून घ्यायचं, आणि ॲबस्ट्रॅक्टच्या वाक्यात तेच ‘कशाचा’ शाबूत आहे का ते बघायचं.

आता तिसरा. हा मला स्वतःला पकडता आला याचा थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तू लिहिलंयस की गोळ्या अनियमित घेणाऱ्यांमध्ये रक्तक्षयाचा ऑड्स रेशो २.०४, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.४१ ते ३.७१. टेबल न उघडताच मला हे खटकलं. कसं? दोन टोकांचा गुणाकार कर, १.४१ गुणिले ३.७१, ५.२३ आले. त्याचं वर्गमूळ २.२९. ऑड्स रेशोचा इंटरव्हल लॉगच्या मापावर काढतात, त्यामुळे दोन टोकांच्या गुणाकाराचं वर्गमूळ मधल्या रेशोइतकंच यायला हवं. दुसऱ्या दशांश स्थळाला एखाद्या घराचा फरक पडू शकतो, तो पूर्णांकनाचा. पण २.०४ च्या जागी २.२९ यायला नको.

मग टेबल ४ उघडलं, आणि तिथे दोघीजणी शेजारी शेजारी बसल्या होत्या. साधा, म्हणजे अनॲडजस्टेड ऑड्स रेशो २.२९ (१.४१ ते ३.७१). आणि वय, शिक्षण, बाळंतपणांची संख्या धरून काढलेला ॲडजस्टेड २.०४ (१.२३ ते ३.४०). तू रेशो एका रकान्यातून उचललास आणि इंटरव्हल दुसऱ्यातून. बहुधा मॅडम म्हणाल्या असतील की ॲडजस्टेड दे, आणि तू घाईत पुढचा आकडा बदललास, कंसातला राहिला. १.२३ गुणिले ३.४० चं वर्गमूळ काढून बघ, २.०४ ला येऊन टेकतं.

ही वर्गमुळाची युक्ती ऑड्स रेशो, रिस्क रेशो, हॅझार्ड रेशो या सगळ्यांना चालते. सरासरीतल्या फरकाला नाही. तिथे नुसती दोन टोकांची सरासरी काढायची, मधला आकडा यायला हवा. आणि नमुना फार लहान असला, इंटरव्हल एखाद्या ‘एक्झॅक्ट’ पद्धतीने काढलेला असला, तर थोडं डावं-उजवं होतं, तेव्हा लगेच कुणाला चोर ठरवू नकोस.

जाता जाता, त्याच वाक्याच्या शेपटीला तू लिहिलंयस, ‘म्हणजे रक्तक्षयाचं प्रमाण दुपटीहून अधिक.’ हे काढ. टेबल ४ मध्येच आहे बघ, अनियमित १३६ जणींपैकी ९८, म्हणजे ७२.१ टक्के, नियमित १६८ पैकी ८९, म्हणजे ५३.० टक्के. ५३ ची दुप्पट १०६ होते, शंभरच्या वर! प्रमाण सुमारे १.३६ पट आहे. दुप्पट झाले ते ऑड्स, आणि रक्तक्षयासारखी गोष्ट जेव्हा निम्म्याहून जास्त जणींना असते तेव्हा ऑड्स आणि प्रमाण यांत मोठी दरी पडते. इथे आकडा टेबलाशी जुळतो, पण क्रियापद जुळत नाही.

मी हे सगळं शहाणपण कुठून शिकले ते आता सांगते. माझा पहिला पेपर जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करण्यावर होता. ॲबस्ट्रॅक्टमध्ये लिहिलं होतं, ‘२१० मातांपैकी १४६ (७२.६ टक्के)’. टेबलात माता २०१ होत्या. एक आणि शून्य यांनी जागा बदलल्या, बस. टक्के बरोबर, १४६ बरोबर. मी पाच वेळा वाचलं, गाइडनी वाचलं, दोन समीक्षकांनी वाचलं, जर्नलच्या कॉपी एडिटरने वाचलं. कुणालाही दिसलं नाही. छापून आल्यावर वर्षभराने एका अनोळखी बाईंचा परदेशातून मेल आला. त्या मेटा-ॲनालिसिस करत होत्या, आणि त्यांनी १४६ ला २१० ने भागून पाहिलं होतं. ६९.५ आले. ‘कृपया खरा छेद कळवाल का?’ इतकं सभ्य वाक्य, आणि माझे कान तापले. शुद्धिपत्र निघायला चार महिने लागले. आजही तो पेपर शोधला की मथळ्याखाली ‘शुद्धिपत्र पाहा’ असं चिकटलेलं आहे, आणि ते कधी निघणार नाही.

तेव्हा माझ्या सरांनी मला रॉय पिटकिन यांचे दोन पेपर वाचायला दिले. हे गृहस्थ प्रसूतिशास्त्राच्या एका मोठ्या अमेरिकन जर्नलचे तेव्हाचे संपादक. म्हणजे आपल्याच गल्लीतले म्हण. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जामा या जर्नलमध्ये हिशोब मांडला. सहा नामवंत वैद्यकीय जर्नलांतली ॲबस्ट्रॅक्ट घेतली, त्यात खुद्द जामा, लॅन्सेट, बीएमजे, न्यू इंग्लंड जर्नल होती. ॲबस्ट्रॅक्टमधला आकडा मुख्य लेखातल्या आकड्याशी जुळत नाही, किंवा लेखात सापडतच नाही, अशी सदोष ॲबस्ट्रॅक्ट मोजली. एका जर्नलमध्ये १८ टक्के निघाली, दुसऱ्या टोकाच्या जर्नलमध्ये ६८ टक्के. मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते.

पण खरा धडा त्याच्या आदल्या वर्षीच्या पेपरमध्ये होता. पेपर दुरुस्तीसाठी परत पाठवताना चिठ्ठ्या टाकून निम्म्या लेखकांना खास सूचना दिली, की ॲबस्ट्रॅक्टमध्ये असे असे दोष राहतात, नीट तपासा. बाकीच्यांना दिली नाही. सूचना मिळालेल्यांच्या ८९ ॲबस्ट्रॅक्टपैकी २५ सदोष निघाली, न मिळालेल्यांच्या ११४ पैकी ३०. म्हणजे २८ टक्के आणि २६ टक्के. सूचनेने तसूभरही फरक पडला नाही! म्हणून मी तुला ‘नीट तपास गं’ असं म्हणून मेल बंद करत नाहीये. काय करायचं ते हाताने करून दाखवते.

आधी टेबलं गोठव. मास्टर चार्टवर तारीख टाकून त्याची प्रत वेगळी ठेव आणि मॅडमना सांग की यापुढे एकही ओळ आत-बाहेर होणार नाही. तसं झालंच, तर हे सगळं पहिल्यापासून परत करायचं. ‘एवढाच आकडा बदलला’ असं कधीच नसतं. एक बाई गेली की छेद जातो, आणि छेद गेला की प्रत्येक टक्का हलतो.

मग टेबलं स्वतःशी जुळतात का ते बघ. ॲबस्ट्रॅक्ट चुकीच्या टेबलाशी तंतोतंत जुळवून काय उपयोग? ७४, १०५, ८ मिळून १८७ होतात का, १३६ आणि १६८ मिळून ३०४ होतात का, ९८ आणि ८९ परत १८७ वर येतात का. तुझी होतात, मी पाहिलं. प्रत्येक टक्का कॅल्क्युलेटरवर परत काढ. एक्सेलमध्ये नको, कारण तिथे तोच जुना फॉर्म्युला तीच जुनी चूक परत करेल.

आता ॲबस्ट्रॅक्ट कागदावर छाप. दोन ओळींत भरपूर जागा सोड. लाल पेनने प्रत्येक आकड्याला गोल कर. एकही सुटू नये म्हणून स्क्रीनवरही एक फेरी मार: वर्डमध्ये Ctrl+F दाबून शोधायच्या चौकटीत `^#` टाईप कर, ते प्रत्येक अंकावर थांबतं. पण वर्डला शब्दांतले आकडे कळत नाहीत. ‘निम्म्याहून अधिक’, ‘दर तीनपैकी दोन’, ‘बहुसंख्य’, ‘दुप्पट’ हेही आकडेच आहेत, त्यांनाही गोल. अभ्यासाचा कालावधीसुद्धा. तुझ्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये डिसेंबरपर्यंत आहे आणि मेथड्समध्ये नोव्हेंबरपर्यंत, ते तुला आत्ता कळलं असेल.

प्रत्येक गोलाशेजारी समासात त्याचा पत्ता लिही. ‘टे. २, ओळ १, रकाना ३’ असा. मजकुरातही तो आकडा असेल तर ‘रिझल्ट्स, परि. २’. ज्याला पत्ता नाही तो आकडा बेघर. त्याला एक तर लेखात घर दे, नाहीतर ॲबस्ट्रॅक्टमधून काढ. तुझ्याकडे असा एक आहे. ‘८२ टक्के स्त्रियांनी गोळ्यांमुळे मळमळ होत असल्याचं सांगितलं.’ मी अख्खा पेपर शोधला, हे ८२ कुठेच नाहीत. माझा संशय, तुझ्या पोस्टरवर एक पाय चार्ट होता त्यातले आहेत, आणि पेपर लांबला म्हणून तो तक्ता तू काढलास. वाचणाऱ्याला तो आकडा पडताळायला काही मार्गच उरला नाही.

एवढं झालं की एकटीने वाचणं थांबव. तुझ्या डोळ्यांना आता तिथे काय असायला हवं ते पाठ झालंय, ते तेच वाचतात. रूममेटला बसव. तिच्या हातात टेबलं, तुझ्या हातात ॲबस्ट्रॅक्ट. तू फक्त पत्ता सांगायचा, ‘टेबल चार, अनियमित, ॲडजस्टेड’, आणि आकडा तिने आधी मोठ्याने बोलायचा, एकेक अंक करून: ‘दोन पूर्णांक शून्य चार, कंसात एक पूर्णांक दोन तीन ते तीन पूर्णांक चार शून्य’. तू आधी आकडा बोललीस आणि ‘बरोबर ना?’ विचारलंस की ती ‘हो हो’ म्हणणार. माणसाचा स्वभावच आहे. माझे २१० असेच ‘हो हो’ मध्ये गेले.

दोन बारीकसारीक. सरासरी हिमोग्लोबिन टेबलात १०.६, एसडी १.४ आहे, आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये १०.६ ± ०.०८. ते ०.०८ म्हणजे स्टँडर्ड एरर आहे, सॉफ्टवेअरच्या शेजारच्या रकान्यातून आलेला. एसडीच दे आणि एसडी असं लिही, नुसतं ± नको. आणि पी व्हॅल्यू ०.००० असं कुठेही राहू देऊ नकोस. सॉफ्टवेअर तसं छापतं, पण शून्य शक्यता असं काही नसतं. दोन्हीकडे ‘०.००१ पेक्षा कमी’ कर.

आता सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट. तुझं ॲबस्ट्रॅक्ट एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी आहे. एक मुख्य फाइलमध्ये. एक संपादकांना लिहिलेल्या कव्हर लेटरमध्ये, जिथे तू ‘आमच्या अभ्यासात ६० टक्के’ असं गोल करून टाकलंयस. आणि तिसरं, पोर्टलवरच्या त्या चौकटीत, जिथे तू ते कॉपी-पेस्ट करतेस. समीक्षकांना जे निमंत्रण जातं त्यात बहुतेक ठिकाणी या चौकटीतलाच मजकूर असतो. तू पोर्टलवर गेल्या आठवड्यातच अर्धा फॉर्म भरून ठेवलायस, असं म्हणाली होतीस. म्हणजे तिथे जुनं ५९.९ अजून आरामात बसलंय. फाइल दुरुस्त केलीस की चौकट पूर्ण रिकामी करून नव्याने पेस्ट कर, मधलाच एक आकडा बदलत बसू नकोस. शेवटी सिस्टीम जी पीडीएफ बनवून मंजुरीला दाखवते ती उघड, आणि तिच्यावर ‘पेक्षा कमी’चं चिन्ह, ± आणि दशांशाचे ठिपके जागेवर आहेत का बघ. पेस्ट करताना चिन्हं गायब होतात, आणि ‘०.००१ पेक्षा कमी’चं नुसतं ‘०.००१’ होऊन बसतं.

यातून सगळं पकडलं जातं असं मात्र समजू नकोस. रक्त तपासणाऱ्या यंत्राचं कॅलिब्रेशन बिघडलेलं असतं, किंवा मास्टर चार्टमध्ये ‘नियमित’ आणि ‘अनियमित’चे कोड उलटे भरलेले असते, तर टेबलं, मजकूर, ॲबस्ट्रॅक्ट तिघंही एकमेकांशी छान जुळली असती आणि तिघंही चुकली असती. त्यासाठी मूळ केस रेकॉर्डमधून दहा-पंधरा फॉर्म काढून चार्टशी ताडावे लागतात. ते तू जूनमध्ये केलंयस, मला माहितीये, म्हणून त्यावर बोलत नाही.

२५० शब्दांच्या ॲबस्ट्रॅक्टला या सगळ्याला फार तर दीड तास लागतो. तुझ्यात सत्तावीस गोल निघाले, मी मोजले. रूममेटची नाइट असेल तर तिला उठवू नकोस. उद्या साडेचारला ओपीडी संपली की माझ्याकडे ये, टेबलांचे प्रिंट मोठ्या अक्षरात काढून आण, माझा चष्म्याचा नंबर वाढलाय. टेबलं मी वाचते, पत्ते तू सांग. आणि ते मळमळीचे ८२ टक्के कुठून आले, ते आज रात्री जुन्या पोस्टरवर शोधून ठेव.